जवळचा रस्ता खरंच जवळचा कशावरून?

समजा, एका गावातून दुधाची गाडी रोज पहाटे शीतकरण केंद्राकडे निघते. वाटेत एक पूल आहे, एक तिठा आहे, एक देऊळ, एक बाजार आणि हमरस्त्याला मिळणारा एक फाटा. गाव आणि केंद्र धरून ही सात ठिकाणं. त्यांना जोडणारे अकरा रस्ते आहेत आणि कोणत्या रस्त्याला किती मिनिटं लागतात हे चालकाला ठाऊक आहे. दूध लवकरात लवकर पोहोचवायचं तर कुठून जावं? अशा जाळ्याला गणितात भारित आलेख म्हणतात. ठिकाणं म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे बिंदूंना जोडणाऱ्या कडा आणि कडेवर लिहिलेला आकडा म्हणजे तिचा भार. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न परीक्षेत हातानं सोडवावा लागतो. उत्तर काढण्याची रीत सगळे शिकतात. आलेलं उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासायचं कसं, याकडे मात्र फारसं कोणी वळत नाही. तपासणीची एक रीत इतकी सोपी आणि इतकी पक्की आहे की ती सगळ्यांना माहीत असायला हवी.

आधी आकडे मांडू. वाचताना कागदावर सात ठिपके काढून घेतले तर पुढचं सगळं डोळ्यांसमोर राहील. गावातून तिठ्याला जायला ७ मिनिटं लागतात, गावातून पुलाला ४ आणि पुलापासून तिठ्याला २. पुलापासून थेट बाजाराला जाणारा रस्ता खराब आहे, त्याला १३ मिनिटं लागतात. तिठ्यावरून देवळाला ८ आणि बाजाराला ९. देऊळ ते बाजार ३. देवळापासून फाट्याला ६, बाजारापासून फाट्याला ४. बाजारातून केंद्राकडे एक थेट रस्ता आहे, त्याला गर्दीमुळे ११ मिनिटं लागतात. फाट्यावरून केंद्र मात्र ५ मिनिटांवर आहे. सगळे रस्ते दोन्ही दिशांना खुले आहेत आणि जाता-येता वेळ सारखाच लागतो.

आता एखाद्या विद्यार्थिनीनं हे गणित सोडवलं आणि तिचं उत्तर आलं २५ मिनिटं: गाव, तिठा, बाजार, फाटा, केंद्र. म्हणजे ७, ९, ४ आणि ५. मुलगी काळजीपूर्वक काम करणारी आहे, म्हणून ती पर्यायी वाटांशी ताडून बघते. तिठ्यावरून बाजाराऐवजी देवळाकडून फाट्याला गेलं तर? ७, ८, ६ आणि ५ मिळून २६. पुलावरून थेट बाजार गाठला तर? ४, १३, ४ आणि ५, पुन्हा २६. बाजारातून फाट्याला न जाता सरळ केंद्राकडे वळलं तर २७. तिन्ही पर्याय जास्त वेळ घेतात. तिची खात्री पटते आणि ती उत्तराखाली रेघ मारते.

उत्तर चुकलेलं आहे. गावातून आधी पुलावर जाऊन तिथून तिठ्याला गेलं तर ४ आणि २ मिळून ६ मिनिटं लागतात, सरळ रस्त्याच्या ७ पेक्षा एक कमी. पुढची वाट तीच ठेवली तर एकूण २४.

तिची बेरीज कुठेही चुकली नव्हती आणि तिनं निवडलेले पर्यायही वाकडे नव्हते. माणूस पर्याय शोधतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याच उत्तराचा एखादा तुकडा बदलून बघतो आणि उरलेला भाग तसाच धरतो. तिच्या तीनपैकी दोन पर्यायांत ‘गाव ते तिठा सरळ’ हा पहिला तुकडा तसाच राहिला. तिसऱ्यात पूल आला, पण तिठा सुटला. दोन ठिकाणांमध्ये सरळ रस्ता कागदावर दिसत असताना तिसऱ्याच ठिकाणावरून वळसा घालून बघावं, असं मनात सहज येत नाही. नजर नकाशातली लांबी बघते, रेषेवर लिहिलेला आकडा मागे पडतो.

मग सगळ्याच वाटा मोजाव्यात का? या छोट्या जाळ्यात, एकही ठिकाण दोनदा न घेता, गावापासून केंद्रापर्यंत २१ वेगवेगळ्या वाटा निघतात. चिकाटी असेल तर तेवढ्या बेरजा करता येतील, पण एकही वाट सुटली नाही याची खात्री कोण देणार? जाळं जरा वाढलं की हा मार्ग बंदच होतो. सहा आडवे आणि सहा उभे रस्ते असलेलं एखाद्या आखीव वसाहतीचं चौकोनी जाळं घ्या. त्यात ३६ चौक आहेत आणि चौकांना जोडणारे रस्त्याचे ६० तुकडे. एका कोपऱ्यातल्या चौकातून समोरच्या कोपऱ्यातल्या चौकात, कोणताही चौक दोनदा न ओलांडता जाण्याच्या वाटा आहेत १२ लाख ६२ हजार ८१६. त्यातल्या तीन, तीस किंवा तीनशे ताडून बघितल्या तरी उरलेल्या लाखो वाटांबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून तुलना वाट धरून करायची नाही, रस्ता धरून करायची. वाटा १२ लाख असल्या तरी रस्ते ६०च आहेत आणि प्रत्येक वाट त्याच रस्त्यांची बनलेली आहे. आपल्या उदाहरणात वाटा २१ आणि रस्ते ११.

हे करण्यासाठी उत्तराबरोबर आणखी एक गोष्ट हाती असावी लागते: प्रत्येक ठिकाणाशेजारी लिहिलेला आकडा, म्हणजे गावातून तिथे पोहोचायला आपल्या हिशेबानं लागणारा कमीत कमी वेळ. त्या विद्यार्थिनीच्या कागदावर हे आकडे होतेच. गाव ०, पूल ४, तिठा ७, देऊळ १५, बाजार १६, फाटा २०, केंद्र २५. आता एकेक रस्ता घ्यायचा, त्याच्या दोन टोकांच्या आकड्यांमधला फरक काढायचा आणि तो रस्त्याच्या भाराशी ताडायचा. फरक भाराएवढा किंवा त्याहून कमी असेल तर रस्ता निर्दोष. फरक भारापेक्षा जास्त निघाला तर कुठेतरी चुकलं आहे.

गाव ते तिठा: फरक ७, भार ७, ठीक. पूल ते बाजार: फरक १२, भार १३, ठीक. देऊळ ते बाजार: फरक १, भार ३, ठीक. अशा अकरा वजाबाक्या केल्या की दहा रस्ते निर्दोष निघतात आणि एक अडतो. पूल ते तिठा: पुलाचा आकडा ४, तिठ्याचा ७, फरक ३, पण रस्ता आहे २ मिनिटांचा. पुलावर चौथ्या मिनिटाला पोहोचलेली गाडी सहाव्या मिनिटाला तिठ्यावर असू शकते, मग तिठ्याशेजारी ७ कसा? चूक आहे एवढंच ही तपासणी सांगत नाही, ती कोणत्या रस्त्यावर आहे तेही बोट ठेवून दाखवते.

दुरुस्ती करताना एक सावधगिरी हवी. तिठ्याचा ७ खोडून ६ केला की काम संपत नाही, कारण आता तिथून निघणारे रस्ते अडू लागतात. तिठा ६ आणि बाजार १६ यांत फरक १० झाला, रस्ता मात्र ९ चा, म्हणून बाजार १५ करावा लागतो. देऊळ १४ होतं. त्यानंतर बाजार ते फाटा अडतो, फाटा १९ वर येतो. मग फाटा ते केंद्र अडतो आणि केंद्र २४ होतं. एक दुरुस्ती पाण्याच्या लोटासारखी पुढे पुढे सरकत जाते. ती थांबली की पुन्हा एकदा सगळे अकरा रस्ते पहिल्यापासून तपासायचे. आता एकही अडत नाही.

अकरा रस्ते तपासून एकवीस वाटांचा निकाल कसा लागतो? कोणतीही एक वाट घ्या. ती गावातून, म्हणजे ० या आकड्यावरून निघते आणि केंद्रावर, म्हणजे २४ वर पोहोचते. मधल्या प्रत्येक रस्त्यावर आकडा थोडा चढतो, कधी उतरतोही. पण प्रत्येक रस्ता तपासलेला असल्यामुळे कोणत्याही रस्त्यावर आकडा त्या रस्त्याच्या मिनिटांपेक्षा जास्त चढू शकत नाही. एकूण चढ २४ चा असल्यामुळे मिनिटांची बेरीज २४ पेक्षा कमी होणं शक्यच नाही. आपण कधी न पाहिलेल्या, मनातही न आलेल्या वाटेलाही हे लागू पडतं. तीन पर्याय ताडल्यावर मिळतो तो विश्वास होता, इथे सिद्धता मिळते.

ज्यांना हे हातात धरून बघायचं असेल त्यांच्यासाठी दोऱ्याचा प्रयोग आहे. जॉर्ज मिंटी या गणितज्ञानं १९५७ साली सुचवलं की जाळं दोऱ्यांचं बनवावं, प्रत्येक दोरा त्या रस्त्याच्या भाराएवढ्या लांबीचा कापावा, ठिकाणांच्या जागी गाठी माराव्यात आणि मग निघण्याची व पोहोचण्याची गाठ धरून जाळं ताणावं. जे दोरे ताठ होतील ती सर्वांत जवळची वाट. एका मिनिटाला एक सेंटिमीटर धरला तर आपलं जाळं ओंजळीत मावेल. तेच जाळं गावाच्या गाठीला धरून उभं लोंबकळत ठेवलं तर प्रत्येक गाठ गावाखाली जितकी सेंटिमीटर लोंबेल तोच तिचा आकडा. पूल ४ वर, तिठा ६ वर, केंद्र २४ वर. दोरा ताणून लांबत नाही, म्हणून दोन गाठींच्या खोलीतला फरक त्यांच्यामधल्या दोऱ्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. कागदावर आपण केलेली वजाबाकीची तपासणी ती हीच.

प्रयोगात ताठ दोऱ्यांबरोबर काही सैल दोरेही दिसतात आणि मला ते जास्त बोलके वाटतात. गाव ते तिठा हा दोरा ७ सेंटिमीटरचा, पण गाठींमधला फरक ६, म्हणजे १ ची ढील. पूल ते बाजार: भार १३, फरक ११, ढील २. देऊळ ते फाट्यावर ढील १. बाजार ते केंद्रावर ढील २. देऊळ ते बाजार या रस्त्यावर, देवळाकडून बाजाराकडे जाताना, ढील २. उरलेले सहा रस्ते ताठ आहेत. आता कोणत्याही पर्यायी वाटेची लांबी नव्यानं मोजायची गरज नाही. २४ मध्ये त्या वाटेवरची ढील मिळवली की झालं. गाव, तिठा, देऊळ, फाटा, केंद्र ही वाट घ्या. पहिल्या रस्त्यावर ढील १, तिठा ते देऊळ ताठ, देऊळ ते फाटा १, शेवटचा ताठ. एकूण ढील २, म्हणून वाट २६ मिनिटांची. वर तिची बेरीज २६च आली होती.

म्हणजे दोन नंबरची वाट कोणती, तेही याच कागदावर लिहिलेलं आहे. एकूण ढील १ असलेल्या वाटा शोधायच्या. अशा दोन निघतात. एक म्हणजे तिठ्याला सरळ जाऊन पुढे बाजारमार्गे, जी त्या विद्यार्थिनीला सापडली होती. दुसरी पूल आणि तिठा करून देवळावरून फाट्याला जाणारी. दोन्ही २५ मिनिटांच्या. पर्यायी वाटांची तुलना करायची तर ती अशी, आकडे पक्के झाल्यावर ढिलीवरून करावी. मग पर्याय मनाला येतील तसे निवडावे लागत नाहीत.

या तपासणीत एक सापळा आहे आणि तो टाळला नाही तर सगळंच वाया जातं. समजा कोणी सातही ठिकाणांशेजारी ० लिहिला. प्रत्येक रस्त्यावर फरक ०, म्हणजे भारापेक्षा कमी. अकराच्या अकरा रस्ते निर्दोष! आकडे खरे नसून नुसते लहान असले तरी ही चाचणी पार पडते. तिच्यातून एवढंच कळतं की वाट यापेक्षा लहान नाही. तेवढ्या मिनिटांत जाणारी एक वाट खरोखर आहे, हे वेगळं दाखवावं लागतं. त्यासाठी केंद्रापासून मागे यायचं. केंद्र २४ वर आहे. त्याला जोडणारा एखादा रस्ता असा हवा की दुसऱ्या टोकाच्या आकड्यात भार मिळवला की बरोबर २४ येतील. फाटा १९ अधिक ५, मिळाला. फाट्याला बाजार, १५ अधिक ४. बाजाराला तिठा, तिठ्याला पूल, पुलाला गाव. अशी ताठ रस्त्यांची साखळी गावापर्यंत अखंड पोहोचली की दुसरी बाजूही भक्कम झाली. वाट २४ पेक्षा लहान असू शकत नाही आणि २४ ची वाट ही अशी समोर आहे. दोन्ही बाजू भिडल्या की तपासणी पूर्ण.

हे आकडे मुळात काढतात ते डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांच्या रीतीनं. १९५६ साली ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात आरमॅक हा नवा संगणक तयार झाला होता आणि त्याच्या उद्घाटनासाठी सामान्य माणसाला समजेल असं काहीतरी दाखवायचं होतं. डाइक्स्ट्रांनी नेदरलँड्समधली ६४ शहरं आणि त्यांच्यातले रस्ते घेतले. ६४ अशासाठी की शहराचा क्रमांक सहा बिटांत बसावा. रीत त्यांना कशी सुचली हे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं आहे. वाग्दत्त वधूबरोबर खरेदीला गेले असताना दोघं कॉफी प्यायला बसले होते, तिथे वीसेक मिनिटांत ती तयार झाली, हाताशी कागद-पेन्सिल नसताना. छापली गेली १९५९ मध्ये.

रीत अशी. सुरुवातीच्या ठिकाणाला ० द्यायचा. मग प्रत्येक वेळी, अजून पक्क्या न झालेल्या ठिकाणांतला सर्वांत लहान आकडा पक्का करायचा आणि तिथून निघणाऱ्या प्रत्येक रस्त्यानं शेजाऱ्याचा आकडा कमी होतो का ते बघायचं. हातानं करताना ती दोन जागी निसटते. पहिली जागा आपण पाहिली. पूल ४ वर पक्का झाला तेव्हा तिठ्याशेजारी आधीच ७ लिहिलेला होता. आकडा आहे म्हटल्यावर तो पुन्हा तपासायचा राहून गेला. दुसरी जागा शेवटाकडे येते. बाजार १५ वर पक्का झाला की थेट रस्त्यानं केंद्राला २६ मिळतो. मुक्कामाचं ठिकाण दिसलं म्हणून कित्येक जण तिथेच थांबतात आणि २६ उत्तर लिहून मोकळे होतात. पण केंद्र तोवर पक्कं झालेलं नसतं, फाटा १९ वर अजून वाट बघत असतो. इथेही तपासणी लगेच बोलते. फाटा १९, केंद्र २६, फरक ७ आणि रस्ता ५ चा.

तपासणीला मर्यादाही आहेत. नकाशावरचा ९ कोणी ४ वाचला तर आकडे, ढील, साखळी सगळं जुळेल आणि उत्तर तरीही चुकीचं राहील, म्हणून वजाबाकी करताना भार मूळ नकाशातून वाचावा, आपल्या तक्त्यातून नव्हे. रस्ता एकेरी असेल तर फरक त्याच दिशेनं बघायचा, आणि चढाला जास्त व उताराला कमी वेळ लागत असेल तर एकाच रस्त्याची दोनदा तपासणी करायची. घाट उतरताना विजेवरच्या गाडीच्या बॅटरीत थोडी वीज परत जमा होते. तिथे वेळेऐवजी विजेचा हिशेब केला तर रस्त्याचा भार शून्याखाली जातो. अशा भारांवर डाइक्स्ट्रांची रीत चुकू शकते, कारण एकदा पक्का केलेला आकडा नंतर कमी होण्याची शक्यता असते. तपासणी मात्र तिथेही तशीच लागू राहते, कारण ती आकडे कसे काढले ते विचारतच नाही. आणि पहाटे चार वाजता ११ मिनिटांचा असलेला बाजाराचा रस्ता आठ वाजता २० मिनिटांचा होत असेल, तर चार वाजताचा कागद आठ वाजता चालणार नाही.

एखाद्या रस्त्याचा भार बदलला तर सगळं पुन्हा करावं लागतं का? बहुधा नाही. सैल रस्ता आणखी लांबला तर काहीच बदलत नाही, त्याची ढील तेवढी वाढते. सैल रस्ता सुधारला तर किती सुधारला ते ढिलीशी ताडायचं. पूल ते बाजार हा खराब रस्ता डांबरी होऊन १३ चा ११ झाला तरी केंद्राचे २४ हलणार नाहीत, बरोबरीची आणखी एक वाट तेवढी मिळेल. तो १० झाला तर बाजार १४ वर येईल आणि केंद्र २३ वर. ताठ रस्ता बंद पडला तर मात्र त्याच्या आधारावरचे आकडे पुन्हा काढायला हवेत. पावसाळ्यात गाव ते पूल किंवा पूल ते तिठा हा तुकडा पाण्याखाली गेला तर गाडी सरळ तिठ्याला जाईल आणि २५ मिनिटांत पोहोचेल. तिठा ते बाजार किंवा बाजार ते फाटा यांपैकी एक बंद झाला तर देवळावरून जाईल, तरीही २५. फक्त फाटा ते केंद्र हा शेवटचा तुकडा बंद झाला तर बाजारातल्या गर्दीतूनच जावं लागेल आणि तेव्हा २६ मिनिटं लागतील.